हिरवा शेंबूड दिसला म्हणजे अँटिबायोटिक लागतंच का?

प्रश्न: "माझी मुलगी सहा वर्षांची आहे. सोमवारी सर्दी सुरू झाली, पहिले दोन दिवस १०० ते १०१ ताप होता, मग गेला. आज शुक्रवार. सकाळपासून नाकातून घट्ट हिरवा शेंबूड येतोय, रात्री खोकलाही आहे. खेळते, पण जेवण थोडं कमी झालंय. केमिस्ट म्हणाले, हिरवं म्हणजे इन्फेक्शन, अँटिबायोटिक सुरू करा. घरात मागच्या महिन्यातलं अ‍ॅझिथ्रोमायसिनचं सिरप अर्धी बाटली उरलंय. पुढच्या आठवड्यात तिची चाचणी परीक्षा आहे. देऊ का?"

उत्तर:

नको, ते सिरप देऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून आज तरी तिला कुठल्याच अँटिबायोटिकची गरज दिसत नाही.

मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. पावसाळ्यात आणि थंडीत माझ्या ओपीडीत हा प्रश्न जवळजवळ रोज येतो. हल्ली आया मोबाइलमध्ये रुमालाचे फोटोच काढून आणतात, तारखेनुसार. ते फोटो मी बघते, कारण त्यातून कोणत्या दिवशी काय झालं ते कळतं. पण उपचार रंगावरून ठरवत नाही. का ठरवत नाही, ते नीट सांगते.

मुलीला न तपासता लिहितेय, म्हणून एक अट आधी. तिला प्रतिकारशक्तीचा काही आजार असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, स्टेरॉइडची औषधं पोटातून बऱ्याच दिवसांपासून चालू असतील किंवा नाकाची, टाळूची जन्मजात अडचण असेल, तर पुढचं उत्तर तिच्यासाठी पुरेसं नाही. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांशी आजच बोला. दमा असेल तर नाकापेक्षा छातीकडे जास्त लक्ष ठेवा, कारण सर्दीने दमा उसळतो. यातलं काहीच नसेल तर पुढचं तुमच्यासाठीच आहे.

तुमच्यासमोर खरा प्रश्न असा आहे की ही अजून विषाणूची साधी सर्दीच आहे, की तिच्या पाठोपाठ सायनसमध्ये जिवाणूंचा संसर्ग झालाय? अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर अजिबात चालत नाही. आणि शेंबूड दोन्हींमध्ये हिरवा होतो.

हा हिरवा रंग जंतूंचा असतो असं बहुतेकांना वाटतं. तो आपल्याच पेशींचा असतो. सर्दीचा विषाणू नाकाच्या आतल्या अस्तरात शिरला की पहिले एक-दोन दिवस नाक पाण्यासारखं गळतं. मग शरीर रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे पाठवतं. त्यातल्या न्यूट्रोफिल या पेशींमध्ये बारीक दाणे असतात आणि त्या दाण्यांत मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम ठासून भरलेलं असतं. त्यात लोह असतं आणि त्याचा स्वतःचा रंगच हिरवा असतो. १९४१ मध्ये स्वीडनमध्ये ते पहिल्यांदा पुवातून वेगळं काढलं गेलं, तेव्हाही हाच रंग डोळ्यांत भरला होता. या पेशी काम करून मरतात, फुटतात, हे एन्झाइम शेंबडात मिसळतं. पेशी थोड्या असतील तर पिवळट दिसतं, खूप असतील तर हिरवं. त्यांना विषाणूने बोलावलं की जिवाणूने, हे त्या रंगात कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणजे हिरवा रंग इतकंच सांगतो की दाह चालू आहे आणि शरीर लढतंय. सर्दीच्या पाचव्या दिवशी ते अपेक्षितच आहे.

यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे शेंबूड किती वेळ नाकात साचून राहिला. दिवसा मूल धावतं, शिंकतं, नाक पुसतं, त्यामुळे तो पुढे सरकत राहतो. रात्री आडवं झाल्यावर नाक चोंदतं, मूल तोंडाने श्वास घेतं, शेंबूड सुकत घट्ट होतो आणि सगळ्या पेशी एकवटतात. म्हणून सकाळचा पहिला शेंबूड सगळ्यात गडद हिरवा असतो. तुम्ही बघितलेला हिरवा शेंबूडही बहुधा सकाळचाच असेल. आज दुपारी चारच्या सुमाराला तिला नाक शिंकरायला लावून बघा. बहुतेक मुलांत तोच शेंबूड तेव्हा फिका, पातळ दिसतो. एकाच मुलाचा, एकाच दिवसाचा रंग जर इतका बदलत असेल, तर त्याच्यावर पाच-सात दिवसांचं औषध ठरवायचं कसं?

आता साध्या सर्दीचा प्रवास बघा, कारण सगळा निर्णय त्यावर उभा आहे. पहिले दोन दिवस घसा खवखवतो, नाक गळतं, लहान मुलांना तापही येतो. तिसऱ्या दिवसाच्या आसपास शेंबूड घट्ट व्हायला लागतो, पिवळा आणि मग हिरवा होतो. ताप एव्हाना गेलेला असतो. चौथ्या ते सहाव्या दिवशी नाकाचा त्रास सर्वात जास्त असतो, खोकलाही असतो. त्यानंतर हळूहळू उतार पडतो, शेंबूड पुन्हा पांढरट, पातळ होतो किंवा सुकून जातो. सात ते दहा दिवसांत बहुतेक मुलं बरी होतात. काहींचं नाक आणि खोकला दोन आठवडेही रेंगाळतो, पण तोही दिवसेंदिवस कमी होत जातो. जुन्या बायका "सर्दी पिकली, आता उतरेल" म्हणायच्या, ते या क्रमाशी तंतोतंत जुळतं. तुमच्या मुलीचा आजचा पाचवा दिवस आहे, ताप दोन दिवसांत गेलाय आणि ती खेळतेय. ती या वाटेवर अगदी जिथे असायला हवी तिथेच आहे.

केमिस्टचं म्हणणं लोकांना पटतं त्याला कारण आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. लोक अँटिबायोटिक केव्हा सुरू करतात? हिरवा रंग दिसला की, म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी. मग सातव्या-आठव्या दिवशी शेंबूड निवळतो. घरात सगळ्यांना वाटतं की औषध लागू पडलं. पुढच्या सर्दीला तेच औषध, तेच केमिस्ट. औषध दिलं नसतं तरी सातव्या-आठव्या दिवशी ती निवळलीच असती, पण ते बघायला कोणी थांबत नाही. त्यामुळे "आमच्या मुलीला अ‍ॅझिथ्रोशिवाय बरंच वाटत नाही" असा अनुभव घरोघर अगदी प्रामाणिकपणे सांगितला जातो.

आता दुसरी बाजू. सायनसचा जिवाणूंचा संसर्ग होतो हे खरं आहे, आणि मुलांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्त होतो. सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांमधल्या हवेच्या पोकळ्या. गालाच्या हाडातल्या आणि दोन डोळ्यांच्या मधल्या पोकळ्या जन्मापासून असतात, कपाळातल्या बऱ्याच नंतर वाढतात. सर्दीत या पोकळ्यांची नाकात उघडणारी तोंडं सुजतात, आतला स्राव अडकतो आणि नाकात आधीपासून राहणाऱ्या न्यूमोकोकस, हिमोफिलससारख्या जिवाणूंना तिथे वाढायला वाव मिळतो. मुलांच्या साधारण शंभर सर्दींपैकी पाच ते दहांत असं होतं, मोठ्यांत शंभरात दोनपेक्षाही कमी. म्हणजे आज तुमच्या मुलीच्या बाबतीत शक्यता साध्या सर्दीच्या बाजूने भरपूर झुकलेली आहे, पण शून्य नाही. मग ओळखायचं कसं?

बालरोगतज्ज्ञ आणि आम्ही कान-नाक-घशावाले यासाठी तीन प्रकारचे क्रम बघतो. तिन्हींत कळीची गोष्ट दिवसांची आहे.

पहिला क्रम रेंगाळण्याचा. दहा दिवस पूर्ण झाले तरी नाक वाहणं किंवा दिवसाचा खोकला तसूभरही कमी झालेला नाही. "कमी झालेला नाही" यावर माझा भर आहे. अकराव्या दिवशी थोडा शेंबूड आहे पण पाचव्या दिवसापेक्षा निम्मा आहे, तर ती सर्दी उतरतेय. आणि इथे शेंबूड कोणत्याही रंगाचा चालतो, पाण्यासारखा स्वच्छसुद्धा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे. शिवाय या पहिल्या प्रकारात मूल बरं दिसत असेल तर लगेच औषध न देता आणखी तीन दिवस बघायला हरकत नाही, असंही त्यांत म्हटलंय. मीही पुष्कळदा तसंच करते.

दुसरा क्रम सुरुवातीपासूनच जोरदार आजाराचा. ताप १०२ च्या वर, सलग तीन दिवस, आणि त्याच तीन दिवसांत घट्ट पुवासारखा शेंबूड, मूल मलूल. साध्या सर्दीत जोराचा ताप आणि घट्ट शेंबूड सहसा एकत्र येत नाहीत. ताप आधी येऊन जातो, शेंबूड नंतर घट्ट होतो. या दुसऱ्या प्रकारात रंगाचा थोडा उपयोग होतो, पण तोही तापाच्या जोडीने, एकटा नाही.

तिसरा क्रम मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण पालकांच्या लक्षात तो पटकन येतो. सर्दी पाच-सहा दिवसांत उताराला लागते, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि मग अचानक उलटते. नव्याने ताप, किंवा नाक आणि दिवसाचा खोकला पुन्हा जोरात.

याचं एक उदाहरण देते. नऊ वर्षांचा एक मुलगा होता. चौथ्या दिवशी आई त्याला घेऊन आली, कारण शेंबूड हिरवा झाला होता. ताप नव्हता. नाकात दोन्ही बाजूंना घट्ट स्राव होता, कानाचे पडदे चांगले होते, घसा थोडा लाल. मी मिठाच्या पाण्याचे थेंब सांगितले आणि काय झालं तर परत यायचं ते कागदावर लिहून दिलं. सहाव्या दिवशी तो जवळजवळ बरा होऊन शाळेत गेला. आठव्या दिवशी संध्याकाळी त्याला १०२.४ ताप आला, उजवा गाल दुखायला लागला, खाली वाकलं की जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्याला घेऊन पुन्हा आली. नाकात बघितलं तर शेंबूड चौथ्या दिवशी होता तसाच हिरवा होता, रंगात तिळमात्र फरक नव्हता. पण उजव्या बाजूला, सायनसचं तोंड उघडतं तिथून, पू उतरताना दिसत होता आणि दाबल्यावर गाल दुखत होता. या वेळी मी त्याला अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट दिलं. दोन दिवसांत ताप गेला, तिसऱ्या दिवशी तो जेवायला लागला. चौथ्या दिवशी मी औषध दिलं असतं तर त्या दिवशी मारण्यासारखं काही नव्हतंच. उलट आठव्या दिवशी जे जिवाणू वाढले, ते त्या औषधातून तगून राहिलेले, म्हणजे मारायला जास्त कठीण असण्याची शक्यता होती. आधी अँटिबायोटिक दिलं की पुढचं सायनसचं दुखणं टळतं, ही समजूतही म्हणूनच सोडून द्या. सर्दीत घाईने दिलेलं औषध त्या दुखण्यापासून भरवशाने वाचवत नाही.

रंगाचा प्रश्न डॉक्टरांनाही पडलेला होताच. २०२३ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतली एक चाचणी छापून आली. दोन ते अकरा वर्षांची पाचशेहून जास्त मुलं, सगळी वर सांगितलेल्या पहिल्या किंवा तिसऱ्या क्रमातली, म्हणजे सायनसचं निदान झालेली. निम्म्यांना अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, निम्म्यांना औषध नसलेलं सारख्याच दिसण्याचं सिरप. औषधाने बरं व्हायला लागणारा वेळ साधारण नऊ दिवसांवरून सात दिवसांवर आला. मग त्यांनी मुद्दाम तपासलं की पिवळा-हिरवा शेंबूड असलेल्या मुलांना औषधाचा जास्त फायदा झाला का. तसं दिसलं नाही. पांढऱ्या-स्वच्छ शेंबडाच्या मुलांइतकाच झाला. नाकामागून घेतलेल्या नमुन्यात ठरावीक जिवाणू सापडले की नाही याने मात्र फरक पडत होता. म्हणजे निदान झाल्यावरही रंग काही जास्त सांगत नाही, तर पाचव्या दिवशीच्या सर्दीत तो काय सांगणार?

मोठ्या माणसांचंही इथे सांगून टाकते, कारण हे वाचणाऱ्या अनेकांचं स्वतःचं नाक याच दिवसांत हिरवं झालेलं असेल. सायनसची लक्षणं घेऊन आलेल्या मोठ्यांवरच्या अनेक चाचण्या एकत्र करून २०१८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने आढावा काढला. अँटिबायोटिक न घेता शंभरातले सुमारे ४६ जण एका आठवड्यात आणि ६४ जण दोन आठवड्यांत बरे झाले. अँटिबायोटिकने त्यात शंभरामागे साधारण पाच जणांची भर पडली, आणि औषधाचा त्रास झालेले शंभरामागे तेरा जण वाढले. जुलाब, मळमळ, अंगावर पुरळ, अशा तक्रारी. सरसकट सगळ्यांना औषध दिलं तर फायद्यापेक्षा त्रास जास्त जणांना होतो, हे यावरून दिसतं.

"मग एक एक्स-रे काढून बघूया का?" हा प्रश्नही ठरलेला असतो. सर्दीत सायनसचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढून उपयोग होत नाही. १९९४ मध्ये साधी सर्दी झालेल्या मोठ्या माणसांचे सीटी स्कॅन काढून बघितले गेले. दहातल्या जवळपास नऊ जणांच्या गालाच्या सायनसमध्ये बिघाड दिसला, आणि अँटिबायोटिक न देताही बहुतेकांचा तो ओसरला. सर्दी झाली की सायनस सुजतातच. त्यामुळे रिपोर्टवर "सायनुसायटिस" लिहून आलं म्हणून जिवाणू आहेत असं होत नाही. डोळ्याला किंवा मेंदूला धोका वाटला तर आम्ही सीटी काढतो, तो वेगळ्या कारणासाठी.

तुमच्या त्या उरलेल्या बाटलीबद्दल दोन गोष्टी. पाणी घालून तयार केलेलं अँटिबायोटिकचं सिरप आठवडा-दहा दिवसांपलीकडे वापरायचं नसतं. मागच्या महिन्यातलं आज खात्रीचं राहिलेलं नाही. आणि ते ताजं असतं तरी सायनससाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन ही पहिली निवड नाही, कारण सायनस बिघडवणारे न्यूमोकोकस आता त्याला फारसे जुमानत नाहीत. गरज पडलीच तर अ‍ॅमॉक्सिसिलिन, एकटं किंवा क्लॅव्ह्युलॅनेटसोबत, वजनानुसार मोजून दिलं जातं. ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. औषधाच्या पाकिटावर जी लाल उभी रेघ असते ती याचसाठी आहे. केमिस्टने चिठ्ठीशिवाय ते द्यायचं नाही आणि आपण मागायचं नाही.

आता आज घरी काय करायचं ते. माझा सर्वात जास्त भरवसा मिठाच्या पाण्यावर आहे. दुकानात सलाइनचे नाकातले थेंब किंवा स्प्रे मिळतात, साधे, कुठलंही औषध नसलेले. बाटलीवर ०.६५ किंवा ०.९ टक्के सोडियम क्लोराइड एवढंच लिहिलेलं हवं. जेवणाआधी आणि झोपताना प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब, मिनिटभर थांबायचं, मग एक नाकपुडी बंद करून दुसरीतून हलकेच शिंकरायला सांगायचं. जोरात दोन्हींतून एकदम नको, कानात दडा बसतो. घरी पाणी करायचं असेल तर एक कप पाणी पूर्ण उकळून, मिनिटभर उकळतं ठेवून कोमट करा आणि त्यात अर्धा छोटा चमचा मीठ घाला. रोज नवीन करा. पाणी उकळलेलंच हवं, फिल्टरचं किंवा नळाचं थेट नाही. साध्या पाण्यात क्वचित असा अमीबा असतो की तो प्यायल्याने काही होत नाही, पण नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोहोचून जीव घेतो. जलनेती करणाऱ्या मोठ्यांनीही हा नियम पाळावा.

रात्रीच्या खोकल्याला झोपताना अर्धा ते एक चमचा मध द्या, सहा वर्षांच्या मुलीला चालतो. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध अजिबात नाही. ताप किंवा दुखणं असेल तर पॅरासिटामॉल, तिच्या वजनाच्या हिशोबाने. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब स्वतःहून घालू नका. चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की थेंब बंद केल्यावर नाक आणखीच चोंदतं, आणि मग ते सोडवणं हे वेगळंच काम होऊन बसतं. सर्दी-खोकल्याच्या मिश्र सिरपनी सर्दीचा एक दिवसही कमी होत नाही. घरात आणखी लहान भावंड असेल तर लक्षात ठेवा, क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये अशी सूचना बाटलीवर छापायला आपल्याकडच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये कंपन्यांना सांगितलंय.

वाफेबद्दल मी कळकळीने सांगते. गरम पाण्याचं पातेलं मुलापुढे ठेवून डोक्यावर टॉवेल टाकू नका. वाफेने सर्दी लवकर जाते असं दिसलेलं नाही, आणि पातेलं कलंडून मांड्या भाजलेली मुलं मी पाहिली आहेत. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून दहा मिनिटं तिला मांडीवर घेऊन बसलात तर आराम तितकाच मिळेल.

नाकातून येणाऱ्या स्रावात काही गोष्टी अशा आहेत की त्या दिसल्या तर मी थांबायला सांगणार नाही. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा हिरवट, कधी रक्त मिसळलेला स्राव येत असेल, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत नाकात काहीतरी अडकलंय असं समजायचं. मणी, खोडरबराचा तुकडा, वाटाणा, फोमचा कपटा, मी सगळं काढलंय. अशा मुलांना आधी अँटिबायोटिकचे दोन-दोन कोर्स झालेले असतात. खेळण्यातला गोल चपटा सेल असेल तर तो काही तासांत नाकाचा पडदा जाळतो, म्हणून तशी शंका आली तर रात्रीसुद्धा थांबू नका. मोठ्या माणसात एकाच बाजूने दुर्गंधी पू येत असेल तर वरच्या दाढेचं मूळ तपासायला हवं. आणि मधुमेह हाताबाहेर गेलेल्या माणसाच्या नाकातून काळपट स्राव, गाल बधिर, दात हलणं, डोळा सुजणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यायचं. २०२१ मध्ये कोविडनंतरच्या काळ्या बुरशीत महाराष्ट्राने हे फार जवळून बघितलंय.

तुमच्या मुलीच्या बाबतीत लगेच, रात्र असली तरी, घेऊन जायची लक्षणं वेगळी आहेत: डोळ्याभोवती सूज किंवा लाली, डोळा हलवताना दुखणं, एकाचे दोन दिसणं, सतत वाढणारी डोकेदुखी आणि उलट्या, मान आखडणं, गुंगी, श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडणं, पाणीसुद्धा पोटात न ठरणं. डोळ्यांमधल्या सायनसचं हाड मुलांत कागदासारखं पातळ असतं. तिथला संसर्ग डोळ्याच्या खोबणीत उतरू शकतो, म्हणून डोळ्याच्या सुजेला मी इतकं जपते.

हे काही नसेल तर आजपासून रोज रात्री वहीत तीन ओळी लिहा. दिवसातला सर्वात जास्त ताप किती, दिवसा खोकला कालपेक्षा कमी की जास्त, आणि दिवसात ती सर्वात छान असताना खेळली का. रंग लिहिला नाहीत तरी चालेल. सोमवार पहिला दिवस धरला तर येत्या बुधवारी दहावा दिवस पूर्ण होतो. तोवर उतार पडलेला असेल तर कुठे जायला नको. तसूभरही फरक नसेल, किंवा मधेच पुन्हा ताप येऊन सर्दी उलटली, किंवा कान दुखायला लागला, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. केमिस्टकडे नाही. त्या तीन ओळींवरून डॉक्टरांना जे कळेल ते नाकात बघूनही कळत नाही.

चाचणी परीक्षेचं म्हणाल, तर चोवीस तास औषधाशिवाय ताप नसेल आणि तिला उत्साह असेल तर सोमवारी शाळेत पाठवायला माझी हरकत नाही, शेंबूड हिरवा असला तरी. सर्दीचा संसर्ग सर्वात जास्त पसरतो तो पहिल्या दोन-तीन दिवसांत, नाक पाण्यासारखं गळत असताना, आणि ते दिवस होऊन गेलेत. दप्तरात दोन रुमाल द्या आणि डबा खाण्याआधी हात धुवायची आठवण करा.